कोरीव दगडी पट्टा रेंडरमध्ये गिचमिड का होतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या धाटणीच्या इमारतीचा दर्शनी भाग रेंडर करताना बाकी सगळं झकास येतं, खिडक्या, दारं, आकाश, झाडं, आणि नेमका कॉर्निसखालचा, म्हणजे भिंतीच्या वर पुढे आलेल्या दगडी कंगोऱ्याखालचा, कोरीव पट्टा बघितला की वाटतं कोणीतरी ओल्या बोटाने पुसलाय. हे मला इतक्या वेळा विचारलं जातं की एकदाच सगळं लिहून ठेवतोय. सगळीकडे एकच उदाहरण घेतलंय, म्हणजे आकडे डोक्यात राहतील. 12 मीटर रुंदीचा फसाड, वर 40 सेंटीमीटर उंचीचा वेलीचा पट्टा. एक नक्षी 60 सेंटीमीटरची, म्हणजे मधे एक फूल आणि दोन्ही बाजूंना वळत गेलेला देठ आणि पानं, आणि तीच पुढे पुढे रिपीट. उठाव 15 मिलीमीटर. सेटिंगची नावं ब्लेंडर आणि त्यातल्या सायकल्स या रेंडर इंजिनमधली आहेत कारण मी त्यात काम करतो, पण हिशोब कुठल्याही सॉफ्टवेअरला लागू होतो.

मॉडेलमध्ये सगळं डिटेल आहे, जवळून बघितलं तर पानाची शीर पण दिसते, मग फायनल इमेजमध्ये का दिसत नाही?

कारण इमेजमध्ये त्याला जागाच नाहीये. हा हिशोब बहुतेक जण करतच नाहीत आणि मग दोन दिवस मटेरियलशी झटापट करत बसतात. बघा, इमेज 4000 पिक्सेल रुंद आहे आणि फ्रेममध्ये बाजूची थोडी जागा धरून 14 मीटर दिसतंय. म्हणजे एका मीटरला साधारण 285 पिक्सेल, म्हणजेच एक पिक्सेल साडेतीन मिलीमीटरचा. आता आपली नक्षी घ्या. 60 सेंटीमीटरला 171 पिक्सेल मिळाले, भरपूर झाले. त्यातलं एक पान 14 सेंटीमीटरचं, त्याला 40 पिक्सेल, तेही ठीक. पानाला पाच बोटं आहेत, एकेक 28 मिलीमीटरचं, म्हणजे 8 पिक्सेल. दोन बोटांमधली खाच 8 मिलीमीटर, म्हणजे सव्वादोन पिक्सेल, इथे घाम फुटायला लागतो. आणि शीर 4 मिलीमीटरची, म्हणजे एक पिक्सेल. संपलं. ती शीर दिसणारच नाही, जगातलं कुठलंही सेटिंग लावा.

माझा ठोकताळा असा आहे की एक पिक्सेलची रेघ आजूबाजूच्या रंगात विरघळते, दोन पिक्सेलची खाच राखाडी डाग म्हणून उरते, आणि ती 'खाच' म्हणून वाचली जावी असं वाटत असेल तर तीन ते चार पिक्सेल लागतात. त्यामुळे आपल्या उदाहरणात पाच बोटांचं पान कधी तीन बोटांचं वाटतं, कधी नुसताच अंडाकृती फुगवटा. पॅटर्न बिघडलेला नाहीये, तो दोन पिक्सेलच्या सीमेवर लटकतोय.

मग करायचं काय, रिझोल्यूशन वाढवायचं?

हो, पण आधी हिशोब करून, उगाच डबल-टिबल नाही. 6000 पिक्सेलवर गेलात तर मीटरला 428 पिक्सेल येतात आणि ती 8 मिलीमीटरची खाच साधारण साडेतीन पिक्सेलची होते, म्हणजे बोटं सुटी दिसायला लागतात. शीर मात्र अजूनही पावणेदोन पिक्सेलचीच राहते, ती सोडून द्या. कोरीव काम दाखवणं हाच चित्राचा मुद्दा असेल तर पूर्ण फसाडचं एक चित्र आणि पट्ट्याच्या तीन मीटरचं दुसरं जवळचं चित्र द्या. एकाच चित्रात सगळं कोंबायला गेलात की दोन्ही हातचं जातं.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. दुप्पट साइझमध्ये रेंडर करून निम्मं केलं की डिटेल वाढतं असं लोक सांगतात. सायकल्ससारख्या पाथ ट्रेसरमध्ये, म्हणजे प्रत्येक पिक्सेलसाठी अनेक प्रकाशकिरण सोडून रंग काढणाऱ्या इंजिनमध्ये, पुरेसे सॅम्पल असतील तर प्रत्येक पिक्सेल आधीच आजूबाजूची सरासरी घेऊन आलेला असतो, त्यामुळे शेवटी 4000 वरच आणणार असाल तर फायदा नावापुरताच. वाढवलेलं रिझोल्यूशन शेवटपर्यंत टिकणार असेल तरच वाढवा.

दगडी कोरीव कामाचा फोटो होता, त्यालाच ब्लॅक-अँड-व्हाइट करून डिस्प्लेसमेंटला लावला. फुलं विचित्र फुगलीयेत, मधेच खड्डे पडलेत. का?

डिस्प्लेसमेंट म्हणजे करड्या चित्रातल्या उजेडानुसार पृष्ठभाग खरोखर उचलणं, आणि ते चित्र म्हणजे हाइटमॅप. पण फोटोतला उजेड म्हणजे उंची नव्हे. फोटोत पानाच्या खालची सावली काळी असते, ती हाइटमॅपला खोल दरी वाटते. दगडावरचा पावसाचा काळा ओघळ पण दरी वाटतो, आणि उन्हाकडे कललेली बाजू उजळ म्हणून ती उंच. म्हणजे डावीकडून ऊन असेल तर प्रत्येक पान डावीकडे फुगलेलं आणि उजवीकडे खचलेलं येतं. लांबून 'काहीतरी कोरलंय' असं वाटतं पण नक्षी वाचता येत नाही. सोशल मीडियावरचे अर्धेअधिक गिचमिड पट्टे याच रस्त्याने आलेले असतात हे माझं प्रामाणिक मत.

खरा हाइटमॅप मुख्यतः दोन प्रकारे मिळतो. एक तर आकार प्रत्यक्ष स्कल्प्ट करून किंवा मॉडेल करून त्याची उंची बेक करायची, म्हणजे चित्रात उतरवायची, नाहीतर खऱ्या कामाचं फोटोग्रामेट्रीने, म्हणजे अनेक कोनांतून काढलेल्या फोटोंवरून, स्कॅन करायचं. स्कॅनसाठी ढगाळ दिवस निवडा, शेजारशेजारच्या फोटोंमध्ये 70-80 टक्के भाग सामाईक ठेवा, आणि नुसते समोरून काढू नका. खालून आणि दोन्ही बाजूंनी तिरके फोटो नसतील तर पानाच्या कडेमागचा भाग सॉफ्टवेअरला दिसतच नाही आणि तिथे ते मेणासारखं काहीतरी भरून टाकतं.

स्कॅन मिळालं, पण एक कोटी त्रिकोण आहेत. कमी केले की बारीक कडा जातात.

डेसिमेशन, म्हणजे त्रिकोणांची संख्या कमी, करताना सॉफ्टवेअर सपाट भागातले त्रिकोण आधी काढतं आणि वळणदार भागात ठेवतं, हे तत्त्व बरोबर आहे. अडचण अशी की स्कॅनमध्ये सपाट जमीन सपाट नसतेच, तिच्यावर दाणेदार खरखर असते, थोडी दगडाची आणि बरीचशी स्कॅनच्या चुकीची. सॉफ्टवेअरला ती खरखर आणि पानाची कड यातला फरक कळत नाही, त्यामुळे निम्मं बजेट त्या खरखरीवर जातं आणि कडा उपाशी राहतात. म्हणून आधी मागची जमीन मास्क करून हलक्या हाताने स्मूथ करायची, पानांना आणि देठांना हात लावायचा नाही, आणि मग डेसिमेट. तितक्याच त्रिकोणांत कडा कितीतरी धारदार राहतात. दगडाचा दाणा नंतर बंपने, म्हणजे भूमिती न बदलता उठाव भासवून, परत देता येतो, पानाची गेलेली कड परत देता येत नाही.

आणि एक, बारा मीटरचा सगळा पट्टा एक मेश म्हणून ठेवू नका. एकच 60 सेंटीमीटरचा तुकडा नीट बनवा आणि `Alt+D` ने त्याच्या लिंक्ड कॉपी करा. मेमरीत भार एकाच तुकड्याचा पडतो, त्यामुळे तो तुकडा पाच-दहा लाख त्रिकोणांचा असला तरी चालतो.

नॉर्मल मॅप पुरत नाही का?

शीर, छिन्नीचे ओरखडे, दगडाचा दाणा यासाठी पुरतो. पानांसाठी नाही. नॉर्मल मॅप पृष्ठभाग फक्त 'कलला असल्याचं' भासवतो, तो शेजारच्या दगडावर सावली टाकत नाही आणि बाजूने बघितलं तर कड सरळसोट रेघच राहते. आणि कोरीव काम आपण लांबून वाचतो ते मुख्यतः सावलीवरूनच. माझा नियम असा की उठाव चित्रात दीड-दोन पिक्सेलपेक्षा जास्त असेल तर खरी भूमिती द्या. आपला 15 मिलीमीटर म्हणजे चार पिक्सेल, म्हणजे खरी भूमितीच.

नॉर्मल मॅप वापरत असाल तर एक धोका लक्षात ठेवा. काही सॉफ्टवेअर हिरवा चॅनेल वरच्या दिशेने धरतात, काही खालच्या. चुकीचा लागला तर उठाव आत गेल्यासारखा दिसतो, पण फक्त उभ्या दिशेत, आडव्या दिशेत बरोबर, त्यामुळे नक्षी पूर्ण उलटी न वाटता नुसती 'काहीतरी बिनसलंय' अशी वाटते आणि माणूस तासन्‌तास भलतीकडे शोधत बसतो. तपासायला सोपं आहे, वरून एक दिवा लावा आणि फुलाच्या मधल्या गोळ्याकडे बघा. वरची कड उजळ आली तर ठीक, खालची उजळ आली तर हिरवा चॅनेल उलटा करा.

डिस्प्लेसमेंट लावलं तरी काहीच उठत नाही, किंवा उठतं पण पायऱ्या-पायऱ्या दिसतात.

काहीच उठत नसेल तर मटेरियलच्या सेटिंगमध्ये `Displacement` ला `Bump Only` राहिलेलं असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. ते `Displacement and Bump` करा. मेशला पुरेसे तुकडे नसतील तरी उठणार नाही, चार कोपऱ्यांची पाटी कशी वाकणार?

मी स्वतः मटेरियलमधून न करता `Displace` मॉडिफायर लावून खरा मेशच करून घेतो, कारण मग जे आहे ते डोळ्याला दिसतं. 60 बाय 40 सेंटीमीटरच्या तुकड्याला एक मिलीमीटरची जाळी म्हणजे 2,40,000 चौकोन, आजच्या मशीनला काहीच नाही. मॅपमध्ये काळा म्हणजे मागची जमीन आणि पांढरा म्हणजे सगळ्यात वरचा बिंदू असेल तर सेटिंग एवढंच:

```
Image > Color Space : Non-Color
Midlevel            : 0
Strength            : 0.015
```

`Non-Color` विसरलात तर सॉफ्टवेअर मॅपला रंगाचं चित्र समजून मधल्या उंचीची मूल्यं खाली ढकलतं, मग पानं मधेच बसकी होतात आणि टोकं सुळ्यासारखी वर येतात. ही चूक ओळखायची खूण म्हणजे गोलाई हरवते, गोल गोळा शंकूसारखा दिसतो.

पायऱ्या दिसतात त्या 8 बिटच्या मॅपमुळे. त्यात उंचीचे फक्त 256 टप्पे असतात. 15 मिलीमीटरच्या उठावात एक टप्पा 0.06 मिलीमीटरचा, लांबच्या चित्रात हे कधीच दिसणार नाही. पण जवळच्या चित्रात, तिरक्या उन्हात, पानाच्या हलक्या गोलाईवर नकाशातल्या समोच्च रेषांसारखी वलयं उठतात. 16 बिटमध्ये 65,536 टप्पे असतात, प्रश्नच मिटतो. फक्त बेकच 16 बिटमध्ये करा, 8 बिटची फाइल नंतर 16 मध्ये सेव्ह करून काही होत नाही.

आणि मॅप एका तुकड्याचा ठेवा. मी एकदा अख्ख्या 12 मीटर पट्ट्याचा एकच 4096 पिक्सेलचा मॅप आलेला पाहिलाय. म्हणजे एका पिक्सेलला जवळपास तीन मिलीमीटर, त्यात 8 मिलीमीटरची खाच पावणेतीन पिक्सेलमध्ये. रेंडर सुरू करायच्या आधीच नक्षी मेलेली होती. 60 सेंटीमीटरच्या तुकड्याला 2048 दिला की तीच खाच 27 पिक्सेलची होते.

पानाची टोकं जमिनीपासून सुटून पुढे आलेली आहेत, मागे पोकळी आहे. हे डिस्प्लेसमेंटने येईल?

नाही. हाइटमॅप प्रत्येक बिंदूला एकच उंची देतो, त्यामुळे टोकामागची पोकळी भरून निघते आणि टोकापासून जमिनीपर्यंत सरळ भिंत उतरते, तिच्यावर टेक्स्चर ताणल्याच्या उभ्या रेघा दिसतात. अशा ठिकाणी ते पान वेगळं मॉडेल करून बसवायचं. सगळी नाही, फक्त सुटलेली.

पट्टा कोपऱ्यावर अर्ध्या फुलात तुटतो. ताणून बसवला तर चालेल?

डोळे झाकून ताणू नका, मोजा. आपल्या 12 मीटरमधून दोन्ही टोकांना 15-15 सेंटीमीटरचे कोपऱ्याचे तुकडे सोडले तर मधे 11.70 मीटर उरतात. 60 सेंटीमीटरने भागलं की साडेएकोणीस. म्हणजे एकतर 20 तुकडे 58.5 सेंटीमीटरचे, नाहीतर 19 तुकडे 61.6 सेंटीमीटरचे. दोन्हीत फरक अडीच टक्क्यांच्या आसपास, कोणाच्याही डोळ्याला कळत नाही. मग निवडायचं कशावर? दारावर. दार मधोमध असेल आणि नक्षीच्या मधे फूल असेल तर विषम संख्या हवी, म्हणजे दहावं फूल बरोबर दाराच्या मध्यावर येतं. 20 घेतले तर तिथे दोन तुकड्यांचा सांधा येतो, आणि बघणाऱ्याला कारण कळत नाही पण खटकतं. म्हणून 19.

कोपऱ्यावर खरे कारागीर नक्षी नुसती वळवत नाहीत, तिथे वेगळं पान असतं, दोन्ही बाजूंना मिळून एक दिसणारं. ते बनवायचा कंटाळा करू नका, एकच बनवायचंय.

आरसा-प्रतिमेबद्दल पण सांगतो. मधल्या दारापासून दोन्हीकडे वेल पसरत जाते अशी रचना असेल तर एक बाजू मिरर करणं बरोबर. पण वेल डावीकडून उजवीकडे सलग धावत असेल आणि तुम्ही सोयीसाठी अर्धा पट्टा मिरर केलात तर मधोमध दोन देठ एकमेकांना धडकतात. अक्षरं कोरलेली असतील तर काय होईल ते सांगायला नको.

कमानीवर तोच पट्टा कर्व्हने वाकवला तर फुलं पंख्यासारखी पसरतात.

पसरणारच. आतली त्रिज्या 90 सेंटीमीटर आणि पट्टा 40 चा, म्हणजे बाहेरची 130. बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा 44 टक्के लांब. गोल फूल तिथे गोल राहूच शकत नाही.

दगडात कमान बनते ती पाचरीच्या आकाराच्या दगडांची, आणि नक्षी प्रत्येक पाचरीत बसेल अशी मुळातच आखलेली असते. तसंच करा. मधल्या रेषेवर अर्धवर्तुळाची लांबी साधारण 3.46 मीटर. डावीकडे तीन तुकडे, उजवीकडे तीन तुकडे मिरर केलेले, प्रत्येक 54 सेंटीमीटरचा, म्हणजे 3.24 मीटर झाले, आणि उरलेल्या 22 सेंटीमीटरमध्ये डोक्यावरचा मधला दगड. तुकडा पाचरीत आखताना फूल आणि पानं आपल्या आकारात ठेवायची, फक्त त्यांच्यामधली मोकळी जागा बाहेरच्या बाजूला जास्त आणि आतल्या बाजूला कमी. देठ तेवढा वाकवला तरी चालतो, त्याला वाकायची सवयच आहे.

सगळं मॉडेल बरोबर आहे, क्ले रेंडरमध्ये, म्हणजे सगळ्याला एकच साधं करडं मटेरियल लावून, सुरेख दिसतं, पण ऊन लावलं की पट्टा मरतो.

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, कारण इथे सॉफ्टवेअरचा काही संबंधच नसतो. पट्टा कॉर्निसखाली आहे. कॉर्निस 45 सेंटीमीटर पुढे आलाय. सूर्य 45 अंश वर आणि भिंतीच्या समोरच्या दिशेपासून 45 अंश बाजूला, म्हणजे सगळे वापरतात ती ठरलेली पोझिशन. भिंतीवर सावली किती खाली उतरते ते असं काढायचं:

```
सावली = पुढे आलेला भाग × tan(सूर्याची उंची) ÷ cos(बाजूचा कोन)
      = 45 × 1 ÷ 0.707 = साधारण 64 सें.मी.
```

पट्टा 40 चा. म्हणजे तो अख्खा सावलीत बुडाला, वर आणखी 24 सेंटीमीटर साधी भिंतही. आता त्या पट्ट्याला ऊन नाहीच, फक्त आकाशाचा आणि जमिनीवरून उसळून येणारा पसरट उजेड. त्यात 15 मिलीमीटरचा उठाव काय दिसणार.

सूर्य खाली आणला तर? 15 अंशावर आणला, बाजूचा कोन तोच 45 ठेवला, तर सावली 17 सेंटीमीटर. पट्ट्याचे खालचे 23 सेंटीमीटर उन्हात आले. इथे लोकांना भीती वाटते की सूर्य खाली गेला म्हणजे पानांच्या सावल्या छोट्या होतील. खालच्या दिशेने होतात खऱ्या, 15 मिलीमीटरच्या उठावाची सावली खाली जेमतेम 6 मिलीमीटर, म्हणजे दीड-पावणेदोन पिक्सेल. पण बाजूला पडणारी सावली सूर्याच्या उंचीवर अवलंबूनच नसते. ती फक्त उठाव गुणिले बाजूच्या कोनाचा tan, म्हणजे 45 अंशाला पूर्ण 15 मिलीमीटर, चार पिक्सेल. तीच पानं वाचायला मदत करते. म्हणून कोरीव पट्टा दाखवायचा असेल तर सकाळ किंवा संध्याकाळचं खालचं ऊन, पण तिरकं. अगदी भिंतीला घासून जाणारं नको, कारण 80 अंशाला बाजूची सावली उठावाच्या जवळपास पावणेसहा पट होते, म्हणजे साडेआठ सेंटीमीटर, एका पानाची सावली शेजारचं निम्मं पान गिळते, आणि हे गिचमिड वेगळ्याच कारणाने होतं.

खऱ्या जागी त्या भिंतीवर ऊन येतच नसेल तर सूर्य फिरवून खोटं चित्र करू नका. मग पट्ट्याचं जवळचं चित्र द्या आणि फ्रेमच्या बाहेरची जमीन, समोरची इमारत यांना खरे रंग द्या, कारण सावलीतला उजेड तिथूनच येणार आहे. तो खालून येतो आणि पानांच्या खालच्या कडा उजळतात, हे लक्षात असू द्या, कधीकधी त्यामुळे उठाव खोलगट भासतो.

दगडाचा रंगही बघा. खूप लोक बेस कलर जवळजवळ पांढरा ठेवतात, 0.8 वगैरे. मग खाचेत शिरलेला उजेड भिंतींवर आपटून आपटून खाच उजळवून टाकतो. फिकट दगडाला मी 0.4-0.5 च्या वर सहसा जात नाही, आणि चित्र उजळ हवं तर एक्स्पोजर वाढवतो.

डिनॉइज केलं की पानं मेणाची होतात.

डिनॉइजर म्हणजे रेंडरमधला दाणेदारपणा पुसणारं साधन, तो रंगाचा आणि नॉर्मलचा, म्हणजे पृष्ठभाग कुठे कललाय त्याचा, पास बघून कड कुठे आहे ते ठरवतो. एकरंगी दगडात रंगाच्या पासमध्ये काहीच नसतं, सगळा भार नॉर्मलवर. म्हणून `Denoising Data` चालू करून `Denoising Normal` पास उघडून बघा, त्यात पाच बोटं दिसत नसतील तर डिनॉइजरला ती कळणार तरी कुठून. त्यात दिसतायत पण फायनलमध्ये गेलीयेत तर सॅम्पल कमी पडतायत, आणि ते कमी पडतात सावलीतल्या भागात, म्हणजे परत कॉर्निसखालीच.

मी काय करतो, `Ctrl+B` ने फक्त एका तुकड्याभोवती चौकोन आखतो आणि तेवढंच भरपूर सॅम्पलवर, 4096 वगैरे, डिनॉइज बंद ठेवून रेंडर करतो. ती माझी खरी प्रत. मग नेहमीचं डिनॉइज केलेलं चित्र तिच्याशेजारी 100 टक्क्यांवर ठेवून बोटं मोजतो. अक्षरशः मोजतो, बोट लावून. कमी भरली तर `Noise Threshold` 0.01 वरून 0.005 वर आणतो. तरी नाही जमलं तर कंपोझिटरमध्ये पट्ट्याला मास्क करून तिथे डिनॉइज केलेलं आणि मूळ दाणेदार चित्र मिसळतो. थोडा दाणा दगडावर शोभतोच, मेण शोभत नाही.

लांबच्या चित्रासाठी उठाव थोडा वाढवला तर ती चीटिंग आहे का?

कशासाठी चित्र आहे त्यावर. ब्रोशरसाठी असेल तर 15 चा 17 केला म्हणून आभाळ कोसळत नाही. मंजुरीसाठी किंवा कारागिराला दाखवायला असेल तर अजिबात नाही, कारण त्याच चित्रावर बोट ठेवून उद्या कोणीतरी म्हणेल की दगड एवढा खोल का नाही कोरला. माझ्याबाबतीत एकदा झालंय. खाचा मी थोड्या रुंद केल्या होत्या, छान सुटसुटीत दिसत होतं, आणि जागेवर नमुन्याचा दगड आला तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते. तेव्हापासून आकार बदलायचा नाही, हवा तर कॅमेरा जवळ न्यायचा.

सोपं करावंच लागलं तर कशाचा बळी आधी द्यायचा ते ठरवून द्या. आधी दाणा, मग शीर. बोटांमधल्या खाचा शक्यतो नाही. देठाचं वळण आणि फुलांची संख्या कधीच नाही, कारण लांबून माणूस तेवढंच वाचतो. उलट मी पाहतो ते असं की दगडाचा दाणा जोरात लावलेला असतो, तोही मोठ्या स्केलवर, आणि त्या खरखरीत बिचारी पानं हरवून जातात. पट्ट्यावर बंप निम्मा करून बघा, नक्षी आपोआप पुढे येते.

नक्षी मूळ ड्रॉइंगप्रमाणेच आहे हे खात्रीने कसं तपासायचं?

एका तुकड्याचं समोरून, लांबचं-जवळचं सारख्याच मापात दाखवणाऱ्या ऑर्थोग्राफिक कॅमेऱ्याने क्ले रेंडर काढा. त्यावर मूळ रेखाचित्र तेवढ्याच मापाचं करून 50 टक्के पारदर्शक ठेवा. देठ एकमेकांवरून जातात तिथे बघा, कोण वर आणि कोण खाली, चुका सगळ्यात जास्त तिथे असतात, दोन देठ एकमेकांत विरघळून फाटा फुटल्यासारखं होतं. मग पाकळ्या मोजा, बोटं मोजा, कळ्या मोजा. दगडांचे सांधेही बघा. सांधा नक्षीच्या मधून गेला तरी चालतो, खऱ्या इमारतीतही जातो, पण तो तीन-पाच मिलीमीटरचा असतो आणि नक्षी पलीकडे जशीच्या तशी चालू राहते. टेक्स्चरमधले सांधे आणि मॉडेलमधले सांधे वेगवेगळ्या जागी असतील तर फुलावर उगाच एक काळी रेघ येते.

माझ्याकडे चित्र सुरेख दिसतं, पण पाठवलं की समोरच्याला पट्ट्यावर लाटा दिसतात.

चित्र 6000 चं पाठवलंत आणि त्याच्या स्क्रीनने ते 1500 वर आणलं. स्क्रीनचं सॉफ्टवेअर घाईघाईत लहान करतं, मधले पिक्सेल गाळून, आणि 19 वेळा रिपीट होणाऱ्या नक्षीत किंवा दगडी जाळीत त्यातून लाटा उठतात. त्याच्याकडे कुठल्या साइझमध्ये दिसणार ते विचारा आणि तुम्हीच चांगल्या फिल्टरने, लँक्झोस वगैरे, त्या साइझची वेगळी फाइल करा. शार्पनिंग लहान केल्यावर करा, आधी नाही, नाहीतर प्रत्येक पानाभोवती पांढरी किनार येते. मोठी फाइल झूम करून बघायला वेगळी द्या, आणि मेसेजिंग अॅपवर पाठवताना फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, कारण फोटो म्हणून गेलं की ते परत एकदा लहान होतं आणि दाबलं जातं, आणि दोन पिक्सेलच्या खाचा तिथेच राहतात.